चौपट झालेला फ्लॅट

"२००५ साली वीस लाखांना घेतला, आज ऐंशीला मागतात." दुसरा फ्लॅट घ्यावा की नाही, असा विषय घरात निघाला की असं उदाहरण कुणीतरी देतंच. त्यात खोटं काही नसतं. पण वीस वर्षांत चौपट म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट, आणि दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. दर वाईट नाही, पण चौपट ऐकून डोळे विस्फारतात तेवढा मोठाही नाही. शिवाय त्या वीस वर्षांत फ्लॅटवर झालेला खर्च त्या वाक्यात कुठेच नसतो.

म्हणून पुण्यातला एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. नवरा-बायको पन्नाशीच्या आसपास, दोघंही नोकरीत, कराचा टप्पा ३० टक्क्यांचा, राहतं घर फेडून झालेलं. हाताशी ९० लाख आहेत. वारज्यात ८० लाखांचा तयार टू बीएचके पाहिला आहे. भोगवटा पत्र मिळालेलं असल्यामुळे जीएसटी नाही, पण मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचा एक टक्का ८० हजार. मोकळा फ्लॅट भाड्याने लवकर जात नाही, म्हणून किचन ट्रॉली, दोन वॉर्डरोब, गीझर, पंखे, खिडक्यांना जाळ्या, असे ३ लाख ३० हजार. नव्वद लाख इथेच संपले, आणि हातात आलेली वस्तू बाजारात ८० लाखांची आहे.

भाडं २३ हजार मिळेल असं धरू. वर्षाचे २ लाख ७६ हजार. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत फ्लॅट रिकामा राहतो, मधे रंग काढावा लागतो. सरासरीने वर्षाला एक महिना रिकामा धरला तर उरतात २ लाख ५३ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांप्रमाणे ४२ हजार. मालमत्ता कर १४ हजार, कारण पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला देते ती ४० टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आणण्यासाठी एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. रंग, गळती, बिघडलेला गीझर यांचे वर्षाला २० हजार. हातात राहिले १ लाख ६५ हजार, म्हणजे नव्वद लाखांवर जेमतेम १.८ टक्के.

यावर प्राप्तिकर आहे. कायदा मालमत्ता कर वजा करू देतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट देतो. मेंटेनन्स किंवा रंगाची पावती वेगळी दाखवता येत नाही. या जोडप्याचा कर सुमारे ५२ हजार होतो. म्हणजे वर्षाकाठी खरोखर खिशात पडतात १ लाख १३ हजार, सव्वा टक्का. ज्याचं इतर उत्पन्न कमी आहे त्याला हा कर कमी किंवा शून्यही लागेल, पण तरीही आकडा दोन टक्क्यांच्या आतच राहतो.

तेव्हा दुसरा फ्लॅट भाड्यासाठी घेतो असं आपण म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात पैसे लावतो ते भाववाढीवर. ती किती लागेल? समजा, तेच ९० लाख इक्विटी फंडात ठेवले आणि १५ वर्षं सरासरी १० टक्के मिळाले. खात्री कुणीच देत नाही, पण धरून चालू. सध्याच्या दराने कर वजा जाता सुमारे ३ कोटी ३९ लाख होतात. फ्लॅटवाल्याने दरवर्षी हातात आलेलं भाडं, ते दरसाल पाच टक्क्यांनी वाढतं असं धरून, त्याच फंडात टाकलं तर त्याचे ४७ लाख होतील. बरोबरीला येण्यासाठी उरलेली सगळी रक्कम फ्लॅटच्या विक्रीतून यायला हवी. म्हणजे ८० लाखांचा फ्लॅट सुमारे ३ कोटी २० लाखांना विकला गेला पाहिजे. चौपट, पण पंधरा वर्षांत. आणि तोही तोवर पंधरा वर्षं जुना झालेला. फंडाने आठच टक्के दिले तरी फ्लॅट जवळजवळ तिप्पट व्हावा लागतो. थोडक्यात, भाडं इतकं तुटपुंजं आहे की फ्लॅटचा भाव जवळपास फंडाच्याच गतीने पळावा लागतो.

पळतो का, हे एजंटला विचारण्यात अर्थ नाही. राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'इंडेक्स टू' पाहता येतो. ज्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा, तिथलेच दहा-बारा वर्षांपूर्वीचे आणि गेल्या वर्षभरातले दोन-तीन व्यवहार काढावेत आणि क्षेत्रफळाने भागून दर पाहावा. एक सावधगिरी: जुन्या व्यवहारांत काही रक्कम रोखीने दिली गेली असेल, तर कागदावरची किंमत कमी दिसते आणि वाढ असते त्याहून मोठी भासते. आणि कोणती वर्षं निवडता त्यावरही बरंच ठरतं. साधारण २०१४ पासून २०२० पर्यंत पुण्या-मुंबईच्या बऱ्याच भागांत भाव जागचे हलले नव्हते. इमारत जुनी होत जाते, वाढते ती जमिनीची किंमत. म्हणून उपनगराच्या टोकाला, जिथे शेजारी अजून मोकळे प्लॉट आणि नवे टॉवर उभे राहायचे आहेत, तिथे जुन्या फ्लॅटचा भाव सहसा दबून राहतो.

आता फंडाची बाजू. निवृत्तीनंतर याच फंडातून दरमहा २३ हजार काढता येतात. त्याला एसडब्ल्यूपी म्हणतात. काढलेल्या रकमेतला थोडाच भाग नफा असतो, बाकी आपलंच मुद्दल. एक वर्षाहून जुन्या इक्विटी युनिट्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. आज नव्याने ९० लाख गुंतवून एक वर्षानंतर एवढी रक्कम काढायला लागलं आणि फंड नऊ टक्क्यांनी वाढत राहिला, तर पहिली सहा-सात वर्षं कर बहुधा लागणारच नाही. एक महिना रिकामा हा प्रकारही नाही.

धोका वेगळा आहे. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांजवळ असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली बंद झाला. त्या दोन महिन्यांत नव्वदाचे पंचावन्न होताना पाहून ज्याने सगळं काढून घेतलं, त्याचं नुकसान कायमचं झालं. म्हणून दोन-तीन वर्षांच्या खर्चाइतके, म्हणजे सहा-सात लाख, लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत वेगळे ठेवावेत आणि बाजार पडलेला असताना त्यातूनच काढावेत. ज्याला ४० टक्क्यांची घसरण बघवणार नाही, त्याने सगळे पैसे इक्विटीत घालूच नयेत. हायब्रिड फंडात परतावा थोडा कमी, पण झोप लागते.

माझ्या मते फ्लॅटचा खरा गुण इथेच आहे: त्याचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही, म्हणून घाबरून कुणी विकत नाही. वीस वर्षं हात न लावता ठेवलेला फ्लॅट अनेकांना श्रीमंत करून गेला तो याच कारणाने. मुलगी शिक्षण संपवून पुण्यातच राहायला येणार असेल, तर दुसरं घर घ्यायला माझी हरकत नाही; ते घर तिच्यासाठी आहे, गुंतवणूक म्हणून त्याची परीक्षा करायची गरज नाही. कर्ज काढून मात्र हा उद्योग करू नये. साडेआठ टक्के व्याज भरून दोन टक्क्यांचं भाडं घ्यायचं, तर दरमहा पगारातून भर घालावी लागते. नव्या करप्रणालीत व्याजामुळे होणारा तोटा पगारातून वजाही होत नाही.

आणखी एक गोष्ट वयाच्या सत्तरीत लक्षात येते. ऑपरेशनला आठ लाख लागले, तर फंडातून आठ लाखच काढता येतात आणि पैसे तीन-चार दिवसांत खात्यात येतात. फ्लॅटची एक बेडरूम विकता येत नाही. गिऱ्हाईक शोधणं, सोसायटीचं ना-हरकत, त्याच्या बँकेचं कर्ज मंजूर होणं यात चार-सहा महिने जातात, आणि आपली घाई गिऱ्हाइकाला कळली की तो भाव पाडून मागतो.