नवा जिल्हा कोण मंजूर करतं?

बचत गटाच्या बैठकीत नव्या जिल्ह्याचा विषय निघाला, की "दिल्लीहून मंजुरी आली का?" हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. नवं राज्य करायचं तर संसदेचा कायदा लागतो. जिल्ह्याचं मात्र तसं नाही. जिल्हा पाडण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. आपल्याकडे तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ मध्ये दिलेला आहे.

पालघरचंच पाहू. पूर्वी तलासरी, मोखाड्याच्या बाईला जिल्ह्याच्या कामासाठी थेट ठाणं गाठावं लागे. दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. म्हणून जिल्हा विभागणीची मागणी कित्येक वर्षं होत होती. अशा मागणीवर जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त अहवाल देतात. त्यात कोणते तालुके, किती लोकसंख्या, किती अंतर, किती खर्च हे येतं. तो महसूल विभागाकडून मंत्रिमंडळापुढे जातो. पालघरला मंत्रिमंडळाने जून २०१४ मध्ये मंजुरी दिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा या आठ तालुक्यांचा राज्यातला ३६ वा जिल्हा झाला.

पण नुसत्या मंजुरीने जिल्हा होत नाही. शासनाच्या राजपत्रात अधिसूचना यावी लागते. तिच्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मैत्रिणींनो, आपलं दार ते हेच. मुख्यालय कुठे असावं, आपलं गाव कुठल्या बाजूला जावं, हे तेव्हाच लेखी सांगायचं. मुख्यालय जव्हारला व्हावं, अशी डोंगरातल्या लोकांची मागणी होती. ते पालघरला झालं. मोखाड्याहून जव्हार तासाभरावर आहे, पालघर मात्र पुष्कळ लांब. जिल्हा नवा झाला, तरी त्या बाईची पायपीट फारशी कमी झाली नाही.

म्हणून मसुदा निघाला, की त्यातली शेवटची तारीख आधी पाहा. ग्रामसभेत ठराव घ्या. एसटीचं भाडं, लागणारा वेळ, बुडणारी मजुरी असं सगळं अर्जात लिहा. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.

आणखी एक लक्षात ठेवा. जनगणनेच्या आधी गाव-तालुका-जिल्ह्यांच्या हद्दी गोठवल्या जातात. ते काम संपेपर्यंत नवा जिल्हा होत नाही. अधिसूचनेनंतरही जिल्हाधिकारी, कर्मचारी आणि इमारत यांना वेळ लागतो. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची नवी इमारत २०२१ मध्ये सुरू झाली.

तेव्हा उद्या कुणी भाषणात "तुमचा जिल्हा झाला" म्हणालं, तर आपण एकच विचारायचं: राजपत्र निघालं का?