टी-शर्टचा रंग आणि ब्रेकची चाचणी

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1957 सालच्या पुस्तकात एका काल्पनिक समितीची बैठक रंगवली आहे. कोट्यवधींच्या अणुभट्टीला ही समिती अडीच मिनिटांत मंजुरी देते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टी बहुतेकांना कळत नसते, शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं.

बाहा स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यांवर चालणारी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची मीटिंग समजा. समोर तीन विषय आहेत: ब्रेकची चाचणी, प्रायोजकाला द्यायचं पत्र आणि टीमचे टी-शर्ट. स्पर्धेत ब्रेक दाबताच चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर मुख्य शर्यतीत उतरताच येत नाही. तरीही टीम लीडरने लक्ष दिलं नाही, तर वेळ टी-शर्टच खातो.

म्हणून अजेंडा आदल्या दिवशी ग्रुपवर जावा आणि त्यात नुसते विषय नकोत, प्रश्न हवेत. ‘ब्रेक’ असं लिहिलं की गप्पा सुरू होतात. ‘ब्रेकची चाचणी कोणत्या तारखेला, कुठे घ्यायची?’ असं लिहिलं की उत्तर काय हवंय ते येतानाच ठाऊक असतं. प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटं लिहायची: ब्रेकला वीस, पत्राला दहा. टी-शर्टचा विषय अजेंड्यावर नकोच. त्यासाठी ग्रुपवर मतदान पुरे. अवघड प्रश्न सगळे ताजेतवाने असताना, म्हणजे आधी घ्यायचा.

घड्याळ लीडरने स्वतःकडे ठेवू नये. चर्चा चालवणारा माणूस तिच्यात गुंततो आणि वेळ विसरतो. ते काम दुसऱ्याला द्यावं आणि त्याने वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी आठवण करावी. तेव्हा लीडरपुढे तीन वाटा असतात: तिथेच निर्णय घेणं, दोघांवर सोपवून पुढच्या वेळी उत्तर मागणं, किंवा दुसऱ्या विषयाची मिनिटं कापून इथे देणं. मिनिटं कापायची, तर ते सगळ्यांसमोर सांगून.

खरी गळती शेवटी होते. ‘ब्रेकवर चर्चा झाली, लवकर चाचणी घेऊ’ अशी नोंद कुणालाच बांधत नाही. कामाची नोंद अशी: ‘ब्रेकची चाचणी 14 तारखेला, वर्कशॉपमागच्या मैदानात. जबाबदारी: ब्रेक विभागप्रमुख. कारण: बिघाड निघाला, तर दुरुस्तीला दोन आठवडे मिळतील.’ कारण लिहिलेलं असलं की गैरहजर सदस्य तोच वाद पुन्हा उकरत नाही. नवी माहिती आली, तरच विषय परत उघडायचा.

नोंद तिथेच मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्याच्या नावावर काम आहे तो ‘मला 14 तारीख जमणार नाही’ असं लगेच सांगू शकतो. त्याच संध्याकाळी ती ग्रुपवर टाकावी.

नोंदींत ‘बघू’ आणि ‘करू’ वारंवार दिसू लागले किंवा एकच विषय सलग तिसऱ्यांदा अजेंड्यावर आला, तर निर्णय झालेलाच नाही असं समजावं. अशा वेळी पुढची मीटिंग बोलावण्याआधी त्या कामाला एक नाव आणि एक तारीख द्यावी.