गिझरमधला चुना : आपण काय करावे, काय करू नये

थंडीत फजरच्या वेळी वुजूसाठी गिझर लावला की आमच्याकडे टाकीतून कढईत तेल तडतडावे तसा आवाज येऊ लागला. शॉवरच्या जाळीत पांढरे कण अडकत आणि दोन बादल्यांऐवजी दीड बादलीतच गरम पाणी संपे. पाणी बोअरचे, जड. असे पाणी तापले की त्यातला चुना सुटतो. थोडा टाकीच्या तळाशी साचतो आणि थोडा कॉइलवर घट्ट थर धरतो. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस फुटते.

तळाचा गाळ काढणे आपल्याला जमते. आम्ही रात्री गिझरचा एमसीबी पाडला, प्लगही काढला आणि सकाळपर्यंत पाणी थंड होऊ दिले. नुसते बटण बंद करून भागत नाही. मग थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, म्हणजे टाकीत हवा जाते. थंड पाण्याच्या जोडावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तोंडाला नळी लावून खटका उचलला. आधी गढूळ पाणी आले, मग पांढरे कण. टाकी रिकामी झाल्यावर खटका तसाच ठेवून थंड पाण्याचा कॉक थोडा वेळ उघडला, बंद केला. तीनदा असे केल्यावर पाणी स्वच्छ आले.

नंतर खटका खाली केला आणि कॉक पूर्ण उघडला. गरम नळातून आधी फसफस हवा येते. पाण्याची अखंड धार लागेपर्यंत वीज सुरू करायची नाही, कारण कोरडी कॉइल लगेच जळते. खटक्यातून पाणी ठिबकत राहिले, तर कण अडकलेला असतो. तो पुन्हा उचलून सोडावा. पाणी तापताना थोडे थेंब पडणे ठीक, पण ते तोंड कधीही बुजवू नये. तसे केले तर टाकीचा दाब कोठून सुटणार?

आमचा तडतड आवाज मात्र राहिलाच. म्हणजे थर कॉइलवर होता आणि तिथे आपले काम संपते. झाकण उघडणे, कॉइल व थर्मोस्टॅट काढणे, खरवडणे, गंजरोधक कांडी तपासणे, नवे रबरी वायसर बसवणे आणि अर्थिंग पाहणे ही जाणत्या मेकॅनिकची कामे आहेत. टाकीत ॲसिड ओतू नये, आतला लेप खराब होतो. आमच्या मेकॅनिकने कॉइल काढली, तेव्हा तिच्यावर बोटभर जाड थर होता.

गिझर लावताच एमसीबी पडत असेल किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर गाळही काढत बसू नये. वीज बंद करून आधी मेकॅनिकलाच बोलवावे.