कंसातली ओळख

बातमी कुठून आली हे सांगण्याची सोय मराठी दैनिकांनी फार पूर्वीच करून ठेवली होती. 'बडनेरा, ता. १२ (वार्ताहर)' एवढं वाचलं की समजायचं, हा मजकूर गावातच राहणाऱ्या माणसाने पाठवलाय. 'वृत्तसंस्था' असेल तर पीटीआय किंवा यूएनआयचा, डेस्कवर मराठीत आणलेला. वार्ताहराची कॉपी अमरावती-अकोल्याचा उपसंपादक पुष्कळदा मुळापासून लिहून काढायचा, तरी कंसातली ओळख तीच राहायची. शिवाय ती कच्ची कॉपीच त्याला सावध करायची. नाव खोडून पुन्हा लिहिलेलं, आकडा दोन ठिकाणी वेगळा, की लगेच फोन.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला खुलं झालं आणि कच्चेपणाची ही खूणच गेली. यंत्राचा मसुदा चुकतो तेव्हाही गुळगुळीत असतो. एखाद्या हुशार लेखकाने तो आपल्या शैलीत पुन्हा लिहिला, तर संपादकाला संशय यायला उरलीसुरली जागाही राहत नाही.

प्रकाशकांची पहिली प्रतिक्रिया घबराटीची होती. 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाकडे यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की २० फेब्रुवारी २०२३ला त्यांनी कथा स्वीकारणंच काही काळ थांबवलं. नंतर नियम केला, यंत्राची मदत घेतलेली कथाही चालणार नाही. तिथे यंत्र वापरल्याचं संपादकाला सांगावं का हा प्रश्नच मिटतो, कथा पाठवूच नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने वेगळी भूमिका घेतली. यंत्राचा मजकूर न तपासलेली माहिती म्हणून हाताळायचा, म्हणजे अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेली गोष्ट जशी तपासल्याशिवाय छापत नाहीत, तसा. वऱ्हाडातल्या जुन्या उपसंपादकाला हे सांगावं लागलं नसतं.

यंत्राचा मसुदा पुन्हा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात नेमकी रेघ मारली ती सप्टेंबर २०२३मध्ये अॅमेझॉनने, स्वतःहून पुस्तक प्रकाशित करणाऱ्यांसाठी. मजकूर यंत्राने तयार केला असेल आणि तुम्ही त्यात कितीही बदल केले, तरी तो यंत्रनिर्मितच. तसं कळवणं सक्तीचं. मजकूर तुमचा आणि यंत्राने फक्त सुधारला, तर कळवायची गरज नाही. म्हणजे प्रश्न किती टक्के वाक्यं बदलली हा नाही, पहिला मसुदा कुणाचा हा आहे. मला ही रेघ पटते. शुद्धलेखन तपासायला किंवा बोलून टाइप करायला यंत्र वापरलं तर संपादकाला कळवून काय उपयोग?

वाक्यं बदलली तरी पहिल्या मसुद्यातली माहिती टिकून राहते, हेच खरं कारण. १८ मे २०२५च्या 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. लेखक सगळे खरे, पण दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. इझाबेल आयेंदेच्या नावावरही न लिहिलेली कादंबरी होती. ती पुरवणी बाहेरच्या सिंडिकेटकडून विकत घेतलेली; लिहिणाऱ्याने यंत्र वापरलं, तपासलं नाही, सांगितलंही नाही. ही यादी कितीही सुरेख मराठीत पुन्हा लिहिली असती, तरी दहा पुस्तकं खोटीच राहिली असती.

यंत्राचं लेखन ओळखणाऱ्या साधनांवर भिस्त ठेवावी, तर खुद्द ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं. तेव्हा संपादकापाशी उरतो तो लेखकाचा शब्द.

तो कसा द्यावा? समजा, बडनेऱ्याच्या एका लेखकाने यंत्राच्या मसुद्यावरून कापसाच्या हंगामाचा लेख तयार केला. लेखासोबत चार ओळी पुरतात: 'पहिला मसुदा एआयचा, तो जपून ठेवलाय, मागितल्यास पाठवतो. भाव बाजार समितीच्या नोंदीवरून तपासले. मसुद्यातलं शेतकऱ्याचं वाक्य काढलं, आता आहे ते मी स्वतः बोलून घेतलंय. तिसऱ्या परिच्छेदातलं पावसाचं विधान तपासता आलं नाही.' यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची, कारण संपादकाने कुठे बोट ठेवायचं ते तीच सांगते. शेतकऱ्याच्या वाक्याचा उल्लेखही उगाच नाही. मसुद्यातला शेतकरी मंत्र्याच्या प्रसिद्धीपत्रकासारखं बोलत असेल, तर तो बहुधा कुणालाच भेटलेला नसतो. 'थोडी एआयची मदत घेतली' एवढंच लिहिलं, तर त्यातून संपादकाच्या हाती काहीच लागत नाही.

वाचकाला किती सांगायचं हा निर्णय संपादकाचा. लेखकाचं देणं संपादकापाशी आहे. पण संपादकांनीही एक करावं. एआय अजिबात चालणार नसेल, तर लेख मागतानाच तसं सांगावं. चालणार असेल, तर खरं सांगणाऱ्याचं मानधन त्या चार ओळींपायी कापू नये. एकाचं कापलं, तर पुढचा लेखक त्या ओळी लिहिणार नाही.