पुणे ते बंगळूरू, सही करण्यापूर्वी

केंद्र सरकारच्या कार्यालयातला बदलीचा आदेश बहुधा चार-पाच ओळींत आटोपतो. अमुक यांची अमुक ठिकाणी बदली करण्यात येत आहे, त्यांना अमुक तारखेला कार्यमुक्त करावे, बदली लोकहितार्थ असल्याने प्रवास भत्ता व पदग्रहण अवधी देय राहील. एवढंच. घर कसं हलवायचं, किती दिवस मिळणार, बायकामुलं केव्हा न्यायची, यातलं काहीही त्यात नसतं, कारण ते सगळं नियमांच्या पुस्तकात आधीच लिहिलेलं असतं.

खासगी कंपनीचं पत्र याहून लांब असतं, पण त्याच्या मागे असं सर्वांना लागू होणारं पुस्तक नसतं. कंपनीचं स्वतःचं बदली-धोरण असलं तर असतं, तेही ती केव्हाही बदलू शकते. म्हणजे पत्रात आहे तेवढंच तुमच्या हाती. म्हणून ते सरकारी नियमाशेजारी ठेवून वाचावं. तो नियम खासगी कंपनीला बांधील नाही, पण पत्रात काय राहून गेलं आहे ते त्यावरून चटकन दिसतं.

एक कल्पित पण रोज घडणारं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारा अभियंता, मूळ वेतन दरमहा ६०,००० रुपये. पत्नी पुण्यातच एका खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. सप्टेंबरच्या मध्यावर पत्र येतं : १ ऑक्टोबरपासून बंगळूरू कार्यालयात रुजू व्हावे, स्थलांतर भत्ता म्हणून ८०,००० रुपये एकरकमी पहिल्या पगाराबरोबर मिळतील, वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करावी लागेल, आणि यापुढे आपण बंगळूरूच्या व्यवस्थापकांना रिपोर्ट कराल.

आधी पैसे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्याला दुसऱ्या शहरात बदली झाली की मूळ वेतनाच्या ८० टक्के इतकं एकत्रित बदली व बांधाबांध अनुदान मिळतं. आपल्या अभियंत्याच्या वेतनावर ते ४८,००० होतं. पण ते फक्त अनुदान. कुटुंबाच्या तिकिटांचे आणि सामान वाहतुकीचे पैसे त्याला वेगळे मिळतात. तेव्हा ८०,००० हा आकडा भरघोस वाटला, तरी त्याच्या पोटात तिकिटं, ट्रक आणि बांधाबांध सगळंच आहे, हे विसरू नये.

खर्च मांडू. पॅकर्स-मूव्हर्सचं बिल ४२,००० आणि तिकिटं १२,०००, म्हणजे ५४,००० झाले. उरलेले २६,००० दलालीत जातील, आणि बंगळूरूत ३५,००० भाड्याचं घर घेतलं तर एक महिन्याची दलाली त्याहून जास्त होते. डिपॉझिट तर निराळंच. तिथे सहा ते दहा महिन्यांचं भाडं अनामत मागण्याची जुनी रीत अजून पुरती गेलेली नाही. सहा महिने धरले तरी २,१०,००० रुपये, तेही घराची किल्ली मिळण्याआधी. भत्ता मात्र पहिल्या पगाराबरोबर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस. पुण्याहून निघतानाचा सगळा खर्च पदरचा. म्हणून भत्ता वाढवून मागण्याआधी तो केव्हा मिळणार हे विचारावं, आणि अनामत रकमेसाठी पगारातून फेडायची उचल मिळेल का तेही. भत्ता वाढवायला कंपनी का-कू करते, उचल त्या मानाने सहज देते.

मग प्राप्तिकर. बदलीच्या प्रवासासाठी, बांधाबांधीसाठी आणि घरसामान वाहून नेण्यासाठी मिळालेला भत्ता प्रत्यक्ष खर्चाइतका करमुक्त असतो, नव्या करप्रणालीतही. पण दलाली, शाळेची फी, नव्या घरातले पडदे यात बसत नाहीत. आपल्या उदाहरणात ५४,००० ची बिलं दिली तर २६,००० वर कर. उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ५,४०८ रुपये. बिलंच दिली नाहीत तर पूर्ण ८०,००० वर, म्हणजे १६,६४०. ट्रकवाल्याने वहीच्या कागदावर लिहून दिलेली रक्कम इथे कामाची नाही. जीएसटी क्रमांकाचं बिल, बिल्टी आणि सामानाची यादी, तिन्ही आपल्या नावाने हवीत. कंपनीने सुरुवातीला हॉटेलात उतरवलं तर बदलीच्या वेळचे एकूण १५ दिवस करपात्र सुविधेत धरले जात नाहीत. सोळाव्या दिवसापासून धरले जातात.

परतफेडीची अट सगळ्यात शांतपणे लिहिलेली असते आणि सगळ्यात महाग पडते. हातात पडले ८०,००० वजा कर, आणि परत मागणार ते पूर्ण ८०,०००. शिवाय अकरा महिने काम करून गेलात तरी पूर्ण वसुली. इथे दोन दुरुस्त्या मागणं रास्त आहे : वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात व्हावी, आणि कंपनीनेच नोकरी संपवली तर ती मुळीच होऊ नये. दुसरी दुरुस्ती बहुतेकांना सुचत नाही. नवं कार्यालय सहा महिन्यांत बंद झालं, की मग ती आठवते.

तारखेबद्दल थोडकं. केंद्राच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे १,००० किलोमीटरपर्यंतच्या बदलीला १० दिवस पदग्रहण अवधी असतो, त्यापुढे जास्त. पुणे-बंगळूरू अंतर साडेआठशेच्या आसपास, म्हणजे १० दिवस. ते कामावरचे दिवस धरले जातात आणि न वापरलेले दिवस अर्जित रजेच्या खात्यात जमा होतात. आपल्या पत्रात ३० सप्टेंबरला पुण्यातून मोकळं व्हायचं आणि १ ऑक्टोबरला बंगळूरूत बसायचं. मधली रात्र बसमध्ये. नंतर घर लावायला घेतलेले चार दिवस गुपचूप रजेतून कापले जातात. पत्रात ‘स्थलांतरासाठी पाच दिवस, कामावर धरून’ एवढे शब्द आले तरी प्रश्न मिटतो.

याच नियमांत आणखी एक मेख आहे. बदली स्वतःच्या विनंतीवरून झाली असेल तर सरकारी नोकराला ना पदग्रहण अवधी मिळतो, ना बदलीचा प्रवास भत्ता. कंपन्यांच्या धोरणांतही बहुधा हाच भेद असतो. त्यामुळे एचआरने सौजन्याने ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार व आपल्या इच्छेनुसार’ असं लिहिलं असेल, तर ते खोडून ‘कामाच्या गरजेनुसार’ करून घ्यावं. गोड शब्दाची किंमत हिशेब विभागात कळते.

कुटुंबाच्या बाबतीत पत्रं सहसा गप्प असतात, आणि कायदाही फारसा हात देत नाही. शिलाँगला भारतीय वनस्पती सर्वेक्षणात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याची बदली पौडीला झाली. पत्नी शिलाँगलाच केंद्राच्या नोकरीत, मुलं तिथल्या शाळेत. पती-पत्नीला शक्यतो एका ठिकाणी ठेवावं, अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं त्याने पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, भारत सरकार विरुद्ध एस. एल. अब्बास या खटल्यात सांगितलं की अधिकाऱ्याने ती तत्त्वं ध्यानात घ्यावीत, पण त्यातून कर्मचाऱ्याला न्यायालयातून बजावून घेता येईल असा हक्क मिळत नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांना ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द तोंडपाठ असतो. खासगी कंपनीतल्या नवऱ्याला आणि खासगी शाळेतल्या बायकोला त्यातलं काहीच लागू नाही.

मग मागायचं ते वेळ. सरकारी नियमात इथेही एक शहाणी तरतूद आहे : कुटुंबाने कर्मचाऱ्याबरोबरच जावं असं नाही, बदलीच्या आधी एक महिना ते नंतर सहा महिने यात केव्हाही गेलं तरी भाडं मिळतं. आपल्या उदाहरणात मुलीची नववी मार्चमध्ये संपेल. ऑक्टोबरपासून सहा महिने म्हणजे मार्चअखेर, बरोबर बसतं. म्हणून पत्रात कुटुंबाच्या प्रवासाची आणि सामानाची मुदत एप्रिलपर्यंत लिहून घ्यावी. नाहीतर भत्त्याचं बिल ऑक्टोबरमध्येच बंद होतं आणि एप्रिलमधला ट्रक स्वखर्चाने.

मुलगी सीबीएसईच्या शाळेत असेल तर आणखी एक गोष्ट. दहावीत थेट प्रवेश हे मंडळ सहसा देत नाही. पालकांची बदली हे मान्य कारण आहे, पण त्यासाठी नववी सीबीएसईच्याच शाळेत झालेली असावी लागते आणि बदलीचा आदेश अर्जासोबत जोडावा लागतो. म्हणजे हे पत्र शाळेतही वाचलं जाणार. ‘आपला बेस लोकेशन अपडेट करण्यात आला आहे’ असा ईमेल तिथे टिकत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह, जुनं शहर, नवं शहर आणि तारीख असलेलं पत्र हवं.

गाडीचंही तसंच. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते, तिथला रस्ता कर भरावा लागतो, आणि पुण्याच्या आरटीओकडून आधी ना-हरकत दाखला आणावा लागतो. कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर २०२१ पासून सुरू झालेली BH मालिका घेता येते. त्यासाठी कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, तेही याच पत्रव्यवहारात मागून ठेवावं.

आता नवा साहेब. पत्रात त्याच्यासाठी एक ओळ असते आणि लोक ती नाव वाचून सोडून देतात. खरा प्रश्न असा की वार्षिक मूल्यमापन कोण करणार. वर्ष एप्रिल ते मार्च, बदली ऑक्टोबरला. सहा महिन्यांचं काम ज्याने पाहिलं तो पुण्यात राहिला, आणि मार्चमध्ये गुण देणाऱ्याने ते काम पाहिलेलंच नाही. जुना व्यवस्थापक पुढे नोकरी सोडून गेला तर ते सहा महिने कागदावरून पुसलेच गेले म्हणायचे. म्हणून कार्यमुक्त होण्याआधी त्याचा अर्ध्या वर्षाचा अभिप्राय प्रणालीत नोंदवून घ्यावा, आणि डिसेंबरची मंजूर रजा नव्या साहेबाला लेखी कळवावी. काही कंपन्यांत हजेरीचा साहेब एक आणि कामाचा दुसरा असतो. तेव्हा रजा, पगारवाढ आणि राजीनामा या तीन गोष्टी कोणाच्या सहीने चालतात, एवढं विचारलं की खरा साहेब कोण ते कळतं.

नाहीच जायचं, असं ठरवणाऱ्यांनी नियुक्तिपत्रातलं बदलीचं कलम आधी काढून पाहावं. १९८९ च्या एका निकालात गुजरात विद्युत मंडळाचा एक कर्मचारी सुरतहून उकाईला गेलाच नाही. आपला विनंतीअर्ज प्रलंबित आहे, हे त्याचं कारण. त्याची नोकरी गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं : बदली स्थगित किंवा रद्द झालेली नसेल, तर नुसता अर्ज केला म्हणून थांबता येत नाही. तो सरकारी मंडळाचा खटला होता. तरी खासगी नोकरीतही नियुक्तिपत्रात बदलीचं कलम असेल, तर अर्ज करून घरी बसणं धोक्याचंच.

म्हणून पत्र हाती देऊन ‘इथे सही करा’ म्हटलं, तर ‘पत्र मिळाले’ असं लिहून तारीख घालावी, आणि ‘मान्य’ हा शब्द उत्तर येईपर्यंत राखून ठेवावा. त्याच दिवशी एचआरला साधं पत्र धाडावं : ‘बदलीचे पत्र मिळाले. मी रुजू होण्यास तयार आहे. स्थलांतराचे पाच दिवस कामावर धरावेत, कुटुंबाच्या प्रवासाची व सामानाची मुदत एप्रिलअखेर असावी, भत्त्याची वसुली झाल्यास ती उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात व्हावी, आणि सप्टेंबरपर्यंतच्या कामाचे मूल्यमापन सध्याच्या व्यवस्थापकांनी नोंदवावे, ही विनंती. याचा समावेश असलेले सुधारित पत्र मिळावे.’ प्रत दोन्ही व्यवस्थापकांना. हे पॅकर्सला आगाऊ रक्कम देण्याआधी जायला हवं, कारण ट्रक ठरल्यावर कंपनीला घाई राहत नाही.