नफा तीस लाखांचा, मग बँकेतली शिल्लक का घटली?

रोख प्रवाह विवरण, म्हणजेच कॅश फ्लो स्टेटमेंट, एकाच प्रश्नाचे उत्तर देते. वर्षाच्या सुरुवातीला हातात आणि बँकेत जी रक्कम होती, ती वर्षअखेरीस वाढली किंवा घटली ती कशामुळे? नफा-तोटा पत्रकात याचे उत्तर सापडत नाही, कारण उधारीवर विकलेला माल तिथे विक्री होताच उत्पन्न म्हणून धरला जातो, मग पैसे हाती येवोत वा न येवोत. ताळेबंद फक्त एका दिवसाची स्थिती दाखवतो. पण लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि मधल्या वर्षाचे नफा-तोटा पत्रक शेजारी शेजारी ठेवले, की पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे मागे जाऊन शोधता येते.

हे विवरण दोन पद्धतींनी करता येते. ग्राहकांकडून किती रक्कम आली, पुरवठादारांना किती दिली, पगार किती वाटला, अशा प्रत्यक्ष जमाखर्चावरून मांडले तर ती प्रत्यक्ष पद्धत. नफ्यापासून सुरुवात करून त्यातले रोखीशी संबंध नसलेले आकडे वजा-अधिक करत रोखीपर्यंत पोचले, तर ती अप्रत्यक्ष पद्धत. शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपन्यांना सेबीच्या नियमांप्रमाणे अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते. कंपनी कायदा, २०१३ नुसार लहान कंपन्या आणि एकल व्यक्ती कंपन्यांना हे विवरण देण्यापासून सूट आहे. तरीही कर्ज मागताना बँक ते मागू शकते, आणि मालकाला स्वतःलाही त्याची गरज पडतेच.

या पद्धतीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू नेहमी समान असतात. त्यामुळे रोख रकमेत जो फरक पडतो, तो ताळेबंदातल्या बाकी सगळ्या ओळींतल्या फरकांच्या बेरजेइतकाच असतो. रोखीखेरीज दुसरी मालमत्ता वाढली तर तिच्यात पैसा गुंतला, म्हणजे रोख घटली. देणे किंवा भांडवल वाढले तर तेवढा पैसा आला, किंवा निदान जायचा राहिला. विवरण करणे म्हणजे या प्रत्येक फरकाचे कारण शोधून त्याला योग्य जागी बसवणे.

उदाहरणादाखल यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या काल्पनिक कंपनीचे आकडे घेऊ. सर्व रकमा लाख रुपयांत आहेत.

| | ३१ मार्च २०२४ | ३१ मार्च २०२५ |
|---|---|---|
| यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | १२० | १५० |
| मालाचा साठा | ४० | ५८ |
| ग्राहकांकडून येणे | ५० | ७४ |
| रोख व बँकशिल्लक | २२ | ९ |
| एकूण मालमत्ता | २३२ | २९१ |
| भागभांडवल | ८० | ८० |
| राखीव निधी | ६२ | ८४ |
| मुदत कर्ज | ५० | ७५ |
| पुरवठादारांचे देणे | ३६ | ४५ |
| कराचे देणे | ४ | ७ |
| एकूण भांडवल व देणी | २३२ | २९१ |

वर्षभरात विक्री ४०० लाखांची झाली. माल, मजुरी आणि इतर खर्च ३३९, घसारा १८ आणि कर्जावरचे व्याज ६ लाख. एक जुने यंत्र विकून ३ लाखांचा नफा झाला. करापूर्वीचा नफा ४०, कर १० आणि करानंतरचा नफा ३० लाख. म्हणजे नफा ३० लाखांचा आणि शिल्लक मात्र २२ वरून ९ लाखांवर आलेली. या १३ लाखांच्या घटीचा हिशेब लावायचा आहे.

सुरुवात करापूर्वीच्या ४० लाखांपासून होते. घसारा खर्च म्हणून वजा झाला आहे, पण त्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागलेले नाहीत, म्हणून १८ परत मिळवायचे. व्याज हा खरा खर्च आहे, पण तो कर्ज घेण्याचा परिणाम असल्याने पुढे कर्जाच्या विभागात दाखवायचा, म्हणून इथे ६ परत मिळवायचे. यंत्रविक्रीचा ३ लाखांचा नफा उलट वजा करायचा, कारण यंत्राची पूर्ण किंमत पुढे गुंतवणुकीच्या विभागात जमा होणार आहे आणि तोच पैसा दोनदा मोजला जाऊ नये. ४० अधिक १८ अधिक ६ वजा ३, म्हणजे ६१ लाख. व्यवसायाने वर्षभरात कमावलेली ही ताकद खेळत्या भांडवलाच्या चढउतारापूर्वीची आहे.

आता खेळते भांडवल. साठा १८ लाखांनी वाढला, म्हणजे तेवढा पैसा गोदामात पडून आहे. ग्राहकांकडची उधारी २४ लाखांनी वाढली. ही विक्री नफ्यात मोजली गेली, पण तिचे पैसे अजून यायचे आहेत. पुरवठादारांचे देणे मात्र ९ लाखांनी वाढले, म्हणजे माल आला आणि पैसे द्यायचे राहिले. ६१ मधून १८ आणि २४ वजा करून ९ मिळवले की २८ लाख उरतात. राहिला कर. नफा-तोटा पत्रकात १० लाख दिसत असले तरी प्रत्यक्ष भरणा वेगळा आहे. सुरुवातीचे देणे ४, त्यात वर्षाचे १०, आणि अखेरीस बाकी ७. म्हणजे भरले ७ लाख. ते वजा जाता दैनंदिन व्यवसायातून निव्वळ २१ लाख रोख आली. नफा आणि रोख यांच्यातली दरी इथेच दिसते, आणि तिचे मोठे कारण उधारी आणि साठा हेच आहे.

गुंतवणुकीच्या विभागात फक्त यंत्रसामग्री आहे, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. यंत्रे १२० वरून १५० वर गेली म्हणून ३० लाखांची खरेदी झाली असे समजणे चुकीचे ठरते. यासाठी यंत्रसामग्रीचे खाते पुन्हा मांडावे लागते. सुरुवातीचे १२० घ्यायचे, त्यातून घसाऱ्याचे १८ वजा करायचे. विकलेल्या यंत्राची पुस्तकी किंमत ५ लाख होती आणि ते ८ लाखांना गेले, म्हणून ५ वजा करायचे. उरतात ९७. अखेरीस १५० आहेत, तेव्हा वर्षभरातली खरेदी ५३ लाखांची. विवरणात ५३ लाख गेले आणि ८ लाख आले, असे दोन्ही आकडे स्वतंत्र दाखवायचे. निव्वळ ४५ लाख बाहेर गेले.

तिसरा विभाग भांडवल आणि कर्जाचा. मुदत कर्ज २५ लाखांनी वाढलेले दिसते, पण बँकेचा उतारा सांगतो की ४० लाखांचे नवे कर्ज घेतले आणि जुन्यातले १५ फेडले. इथेही दोन्ही रकमा वेगळ्या लिहायच्या. भारतातल्या लेखा मानकांप्रमाणे बँका आणि वित्तसंस्था सोडून इतर कंपन्यांनी भरलेले व्याज याच विभागात येते, म्हणून ६ वजा. लाभांश ताळेबंदात कुठेच दिसत नाही, तो राखीव निधीतून शोधावा लागतो. ६२ मध्ये ३० लाखांचा नफा मिळवला तर ९२ व्हायला हवेत, पण आहेत ८४. बाकीचे ८ लाख भागधारकांना वाटले गेले. ४० वजा १५ वजा ६ वजा ८, म्हणजे ११ लाख आत आले.

आता तीन विभाग एकत्र केले की २१ वजा ४५ अधिक ११, म्हणजे उणे १३. सुरुवातीच्या २२ मधून १३ गेले आणि ९ उरले. ताळेबंदातली शिल्लक जुळली.

जुळले नाही तर फरकाची रक्कमच बरेचदा चूक कुठे आहे ते सांगते. फरक बरोबर ३ लाखांचा आला, तर यंत्रविक्रीचा नफा वजा करायचा राहिला असावा. फरक ४८ आला, तर त्याची निम्मी रक्कम २४, म्हणजे उधारीतली वाढ वजा करण्याऐवजी मिळवली गेली असावी. चिन्ह उलटे लागले की फरक नेहमी दुप्पट येतो, म्हणून आधी फरकाचे निम्मे करून ती रक्कम शोधण्याची सवय हिशेबनीसांच्या फार उपयोगी पडते.

मात्र शिल्लक जुळली म्हणजे विवरण बरोबर आहे असे होत नाही, आणि याकडे फार कमी लक्ष दिले जाते. समजा यंत्रविक्रीची माहितीच मिळाली नाही. मग ३० लाखांच्या वाढीत घसाऱ्याचे १८ मिळवून खरेदी ४८ धरली जाईल आणि ३ लाखांचा नफाही वजा होणार नाही. दैनंदिन व्यवसायाची रोख २१ ऐवजी २४ येईल, गुंतवणुकीची उणे ४५ ऐवजी उणे ४८. बेरीज पुन्हा उणे १३. सगळे आकडे ताळेबंदातल्या फरकांतून आल्यामुळे एकूण जुळणे अटळ असते, आत कोणत्या विभागात काय बसले ते बेरजेवरून कळत नाही.

यापेक्षा मोठी फसगत पुरवठादारांच्या ओळीत दडलेली असू शकते. खरेदी केलेल्या ५३ लाखांच्या यंत्रांपैकी १० लाखांचे बिल अजून दिलेले नाही आणि ते ४५ लाखांच्या देण्यातच मिसळले आहे, असे धरू. मग कच्च्या मालाच्या पुरवठादारांचे देणे ३६ वरून ३५ वर आले, म्हणजे वाढले नाही, १ लाखाने घटले. खेळत्या भांडवलात अधिक ९ ऐवजी उणे १ येतो आणि दैनंदिन व्यवसायाची रोख २१ वरून ११ लाखांवर उतरते. यंत्रांसाठी प्रत्यक्ष गेलेली रोख ४३, त्यातून विक्रीचे ८ वजा जाता गुंतवणुकीचा विभाग उणे ३५. एकूण तेच उणे १३. कर्ज देणाऱ्या बँकेच्या दृष्टीने मात्र चित्र पार बदलते, कारण हप्ते फेडण्याची क्षमता ती प्रामुख्याने पहिल्याच विभागावरून पाहते, आणि तो आकडा जवळपास निम्मा झालेला असतो.

म्हणून दोन ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक एवढ्यावर विवरणाचा सांगाडा उभा राहतो, पण तो भरण्यासाठी चार गोष्टी खतावणीतून मागवाव्या लागतात. विकलेल्या मालमत्तेची पुस्तकी किंमत आणि आलेली रक्कम, कर्जाचे नवे घेणे आणि फेडणे वेगवेगळे, जाहीर झालेला आणि प्रत्यक्ष दिलेला लाभांश, आणि पुरवठादारांच्या यादीत यंत्रांची किंवा बांधकामाची बिले किती आहेत. यंत्रांच्या बदल्यात रोख न देता थेट शेअर दिले असतील, तर तो व्यवहार विवरणातून पूर्ण वगळायचा आणि टिपणीत सांगायचा. बँकेतली मुदत ठेवही तपासून घ्यावी लागते. ठेवल्या दिवसापासून साधारण तीन महिन्यांच्या आत परत मिळणारी ठेव रोखीत धरता येते. त्याहून लांब मुदतीची ठेव गुंतवणुकीच्या विभागात जाते, आणि ती चुकून शिल्लकेत राहिली तर सुरुवातीचा ताळाच चुकीच्या आकड्याशी लावला जातो.