दरमहा दहा हजार की तीन वर्षांनी चार लाख?

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरकडे दोन ऑफर लेटर आहेत. पाच वर्षांचा अनुभव, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे, आणि उत्तर आठवडाभरात द्यायचं आहे. पहिली कंपनी वर्षाला १८ लाख रुपये देते, म्हणजे महिन्याला दीड लाख. दुसरी १६ लाख ८० हजार देते, म्हणजे महिन्याला १ लाख ४० हजार, आणि शिवाय तीन वर्षं पूर्ण झाल्यावर ४ लाखांचा रिटेन्शन बोनस. काम, शहर, बाकी सवलती सारख्याच. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी निवड आयटी क्षेत्रात अनेकांच्या वाट्याला येते.

पहिला हिशेब कागदाच्या कोपऱ्यावर होतो. पहिल्या कंपनीत महिन्याला दहा हजार जास्त, छत्तीस महिन्यांचे ३ लाख ६० हजार. दुसरीकडे ४ लाख. म्हणजे दुसरी ऑफर चाळीस हजारांनी सरस. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि एचआरचा माणूस फोनवर हाच हिशेब करून दाखवतो.

या बेरजेत एक गोष्ट सुटलेली आहे. पुढच्या महिन्यात मिळणारे दहा हजार आणि तीन वर्षांनी मिळणारे दहा हजार तिने एकाच मापाने मोजले आहेत. आज हातात आलेला रुपया कुठेतरी ठेवता येतो किंवा देणं फेडायला वापरता येतो, आणि दोन्हीकडे तो काहीतरी कमावतो. उशिरा येणारा रुपया मधल्या काळात काहीच कमावत नाही. म्हणून वेगवेगळ्या तारखांच्या रकमा थेट एकमेकींशी ताडून चालत नाही. आधी त्या सगळ्या एकाच तारखेला आणाव्या लागतात, आणि ती तारीख बहुधा आजची असते. भविष्यात मिळणाऱ्या रकमेची अशी आज काढलेली किंमत म्हणजे तिचं वर्तमान मूल्य.

रीत चक्रवाढ व्याजाचीच आहे, फक्त उलटी. दहा टक्के दराने आजचे शंभर रुपये वर्षाने एकशे दहा होतात. तेव्हा वर्षाने मिळणाऱ्या एकशे दहा रुपयांची आजची किंमत शंभर. पुढे जाताना १.१० ने गुणायचं, मागे येताना १.१० ने भागायचं, आणि जितकी वर्षं तितक्या वेळा भागायचं. सूत्रात ते असं दिसतं: PV = FV / (1 + r)^n. मागे येताना वापरायच्या या दराला वटावाचा दर म्हणतात. सावकारी पेढ्या असे हिशेब सतत करत, पण व्याजाचे तयार तक्ते त्या स्वतःजवळ जपून ठेवत. सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८२ मध्ये असे तक्ते पुस्तकरूपाने छापले आणि ते कोणालाही वापरता येऊ लागले. आज हेच काम स्प्रेडशीटच्या एका ओळीत होतं:

```
=PV(10%,3,0,-400000)
```

बोनसचे ४ लाख तीन वर्षं मागे आणू. दर सध्या दहा टक्के धरला आहे. तो का, हे पुढे येईल. दोन वर्षांनंतरच्या तारखेला या रकमेची किंमत ३ लाख ६३ हजार ६३६ रुपये होते, एका वर्षानंतरच्या तारखेला ३ लाख ३० हजार ५७९, आणि आज ३ लाख ५२६ रुपये. चार लाखांतले जवळजवळ एक लाख नुसत्या वाट पाहण्यात गेले.

आता दुसरं पारडं. जादा पगाराचे ३ लाख ६० हजारही लांबवर पसरलेले आहेत, पण ते पहिल्या महिन्यापासूनच येऊ लागतात. छत्तीस हप्ते वेगवेगळे मागे आणता येतात, पण समजून घेण्यासाठी एवढं पुरे की एका वर्षाचे बारा हप्ते सरासरीने त्या वर्षाच्या मध्यावर येतात. म्हणून पहिल्या वर्षाचे १ लाख २० हजार अर्धं वर्ष मागे आणायचे, दुसऱ्याचे दीड, तिसऱ्याचे अडीच. त्यांच्या आजच्या किमती अनुक्रमे सुमारे १ लाख १४ हजार ४००, १ लाख ४ हजार आणि ९४ हजार ६०० रुपये होतात. बेरीज सुमारे ३ लाख १३ हजार. कागदावर चाळीस हजारांनी मागे असलेली ऑफर आजच्या पैशात साडेबारा हजारांनी पुढे निघाली.

इथे आयकराची शंका येतेच. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १६ ते २० लाखांच्या करपात्र उत्पन्नावर २० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर आहे. जादा पगार या टप्प्यात बसतो, आणि बोनसही जवळजवळ सगळा त्यातच बसतो. म्हणून दोन्ही पारडी सारख्याच प्रमाणात हलकी होतात. फरक साडेबारा हजारांवरून दहा हजारांच्या आसपास येतो, पण बाजू बदलत नाही. प्रत्येक पगाराला हे लागू होईल असं मात्र नाही. पगार बारा लाखांच्या अलीकडे असेल, तर एकरकमी बोनसमुळे त्या वर्षाची करमाफीच हातची जाऊ शकते, आणि मग कराचा हिशेब आधी करावा लागतो.

आता दराकडे. दहा टक्के हा आकडा हवेतून काढलेला नाही, तो या इंजिनिअरच्या शैक्षणिक कर्जाचा व्याजदर आहे. कर्ज बदलत्या दराचं आहे, आणि व्यवसायासाठी नसलेल्या अशा वैयक्तिक मुदत कर्जाची मुदतीआधी फेड केली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला दंड लावता येत नाही. त्यामुळे दरमहा हातात येणारे जादा दहा हजार कर्जाच्या मुद्दलात भरता येतात, आणि असा प्रत्येक रुपया वर्षाला दहा टक्के व्याज वाचवतो. तेही खात्रीने आणि वाचलेल्या व्याजावर कर न पडता. एफडीत किंवा फंडात इतकी पक्की कमाई सहसा मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी खरा दर हाच. अट एकच: पैसे खरंच कर्जात गेले पाहिजेत. ते दर महिन्याला हॉटेलात आणि नव्या फोनच्या हप्त्यात गेले, तर हा हिशेब फक्त कागदावर राहील.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हेच दोन पर्याय मिळाले आणि त्याच्यावर काहीच कर्ज नसेल, तर निकाल वेगळा येतो. तो जादा पैसे एफडीत ठेवेल. एफडीवर सात टक्के मिळाले, तरी व्याजावर कर भरून हातात साडेपाचच्या आसपास उरतात. साडेपाच टक्क्यांनी जादा पगाराची आजची किंमत ३ लाख ३२ हजार ५०० होते आणि बोनसची ३ लाख ४० हजार ६००. म्हणजे त्याच्यासाठी बोनस करापूर्वी आठ हजारांनी वरचढ. दोन्ही पारडी समतोल होतात ती सुमारे सात टक्क्यांवर. ज्याचा स्वतःचा दर त्याहून जास्त त्याला पगार फायद्याचा, ज्याचा कमी त्याला बोनस. क्रेडिट कार्डाची थकबाकी डोक्यावर असलेल्याला तर गणित मांडण्याचीही गरज नाही.

दर ठरवताना एक चूक वारंवार होते. म्युच्युअल फंडात बारा टक्के मिळतील असं धरून तोच दर लावला जातो. पण शेअर बाजारातल्या परताव्यात जोखीम असते, तर बोनसचा आकडा पत्रात ठरलेला असतो. जोखमीच्या परताव्याने ठरलेली रक्कम मोजली की ती आहे त्यापेक्षा लहान दिसते. बोनसलाही जोखीम आहे, पण ती बाजाराची नाही, आणि ती वेगळी मोजावी लागते.

ही जोखीम ऑफर लेटरच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडते. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की बोनस देण्याच्या तारखेला कर्मचारी नोकरीत असला पाहिजे आणि त्याने राजीनामा दिलेला नसावा. काही पत्रांत पुढे असंही असतं की रक्कम कंपनीच्या निर्णयाधीन राहील. हे शेवटचं वाक्य असेल तर चार लाख ही हमी उरत नाही, ती आशा होते. समजा इंजिनिअरने दोन वर्षांनी नोकरी सोडली किंवा कंपनीने कपात केली. पहिल्या ऑफरमध्ये तोवरचे २ लाख ४० हजार जादा त्याच्या खिशात आलेले असतील. दुसऱ्या ऑफरमध्ये तो दोन वर्षं कमी पगारावर राबलेला असेल आणि बोनस शून्य.

याचंही गणित मांडता येतं. कर्ज नसलेल्या, बोनसकडे झुकणाऱ्या त्या सहकाऱ्यापुढे दोनच शक्यता धरू: पूर्ण तीन वर्षं टिकणं किंवा दोन वर्षांनी बाहेर पडणं. टिकला तर त्याला आठ हजारांचा फायदा. नाही टिकला तर तोटा दोन वर्षांच्या जादा पगाराचा, आजच्या किमतीत सुमारे २ लाख २७ हजार. टिकण्याची खात्री शंभरात सत्याण्णव असेल, तेव्हा कुठे बोनस बरोबरीला येतो. आयटीत तीन वर्षांबद्दल इतकी खात्री कोण देणार? आठ हजारांसाठी एवढा डाव लावण्यात फारसं शहाणपण नाही.

वार्षिक वाढही पगाराच्याच बाजूने जाते, कारण ती मूळ पगारावर टक्क्यांनी मोजतात. दोन्हीकडे आठ टक्के वाढ मिळाली तर महिन्याचा दहा हजारांचा फरक तिसऱ्या वर्षी साडेअकरा हजारांच्या पुढे जातो, आणि दहा टक्क्यांच्या दराने जादा पगाराची आजची किंमत आणखी चोवीस हजारांनी वाढते. पुढची नोकरी शोधताना चालू पगार विचारला जातो तेव्हाही मोठा आकडा हाच असतो.

हिशेब पहिल्या ऑफरच्या बाजूने लागला, तरी दुसऱ्या कंपनीचं कामच जास्त आवडलं असेल तर तिला नाही म्हणायलाच हवं असं नाही. तेच सूत्र उलटं फिरवून मागायची रक्कम काढता येते. इंजिनिअरने तीन वर्षं टिकण्याची शक्यता शंभरात ऐंशी धरली आणि दर दहा टक्केच ठेवला, तर वाढीचा विचार न करताही बोनस सुमारे ४ लाख ९० हजार असावा लागतो. त्याहून कमी रकमेत तो स्वतःच्या खिशातून कंपनीला सवलत देत असतो. दुसरा मार्ग म्हणजे रक्कम आधी मागणं. आज मिळणारा ३ लाख १३ हजारांचा जॉइनिंग बोनस त्याच्यासाठी तीन वर्षांच्या जादा पगाराइतकाच मोलाचा आहे, आणि कंपनीलाही चार लाखांपेक्षा आकडा लहान दिसतो. फक्त त्यावरही ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास परतफेडीचं कलम असतं. ती मुदत बारा महिन्यांची आहे की छत्तीस, आणि परतफेड पूर्ण रकमेची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावं लागतं.